माझी स्क्रीन छोटी नाहीये हो!

तर झालं असं, की मागच्या महिन्यात माझा ऑन-कॉलचा आठवडा होता. आमची टीम पुण्यात, मी सांगलीला घरी, जेवणाच्या टेबलावर. रात्री दर अर्ध्या तासाने डॅशबोर्ड उघडायचा, सगळं हिरवं आहे ना बघायचं, आणि पुन्हा उशीवर डोकं. त्या रात्री मी पाच वेळा बघितलं. पाचही वेळा सगळं हिरवं.

सकाळी साडेनऊला मॅनेजरचा फोन. ऑफिसमध्ये भिंतीवर मोठा टीव्ही आहे, त्यावर हाच डॅशबोर्ड चोवीस तास चालू असतो. त्या टीव्हीवर खालच्या उजव्या कोपऱ्यात 'अडकलेले जॉब' नावाचा चौकोन रात्री दोनच्या आधीपासून लाल होता. आकडा ४१२. आणि मॅनेजरचा प्रश्न अगदी साधा होता, "अगं, डॅशबोर्ड बघत नव्हतीस का?"

बघत होते. तो चौकोनच माझ्या पडद्यावर नव्हता. लाल नव्हता आणि हिरवाही नव्हता, नव्हताच. आणि नसलेली गोष्ट नाहीये हे कळायला ती आधी कधीतरी दिसलेली असावी लागते. (त्या आकड्यासाठी वेगळा ईमेल अलर्ट "पुढच्या स्प्रिंटमध्ये" करायचा होता. कुठली स्प्रिंट ते विचारू नका.)

फोनवर मी जे बोलले त्याची मला अजून चीड येते. मी म्हणाले, "सॉरी, माझा लॅपटॉप छोटा आहे ना, त्यावर ते कापलेलं दिसतं." झालं! एका वाक्यात सगळा गुन्हा माझ्या लॅपटॉपच्या नावावर. मॅनेजर चांगला माणूस आहे. तो लगेच म्हणाला, "बरं, तुला मॉनिटर पाठवायला सांगतो." म्हणजे आजार माझ्या टेबलावर, औषधही माझ्या टेबलावर. डॅशबोर्ड ठणठणीत.

त्याच दुपारी ठरवलं, की नीट समजून घ्यायचं आणि मग लिहून पाठवायचं. आणि समजून घेताना लक्षात आलं, की मी फोनवर जे बोलले ते खोटंच होतं.

पहिल्यांदा आयटी सपोर्टला विचारलं. तिथल्या मुलाने लॅपटॉपचा मॉडेल नंबर बघून सांगितलं, "मॅडम, तुमची स्क्रीन फुल एचडी आहे, १९२० बाय १०८०. डॅशबोर्ड पण १९२० बाय १०८० चा आहे. बसलाच पाहिजे." हिशोब बरोबर वाटतो ना? मलाही वाटला. चार वर्षं इंजिनिअरिंग आणि पाच-सहा वर्षं नोकरी करून वाटला.

गंमत अशी आहे, की लॅपटॉपच्या खोक्यावर लिहिलेला पिक्सेल आणि वेबपेजमध्ये लिहिलेला पिक्सेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव एक, माणसं दोन. खोक्यावरचा पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा खराखुरा ठिपका. माझ्या १४ इंची पडद्यावर असे आडवे १९२० ठिपके ठासून भरलेत. इंचाला साधारण १५७. त्यात एका ठिपक्याला एक पिक्सेल असं सरळ गणित केलं तर अक्षरं मुंगीएवढी होतील. म्हणून विंडोजच सगळं फुगवून दाखवतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये `Scale` म्हणून एक जागा असते, तिथे माझ्याकडे १५० टक्के लिहिलंय, आणि पुढे कंसात `Recommended`. मी तिला कधी हातही लावला नव्हता. लॅपटॉप आला तेव्हापासून ती तशीच आहे.

आता १५० टक्के म्हणजे पेजमधला एक पिक्सेल दाखवायला दीड ठिपका आडवा आणि दीड उभा खर्च होतो. तेव्हा १९२० ला दीडने भागा, १२८०. आणि १०८० ला दीडने भागा, ७२०. पेजच्या दृष्टीने माझा पडदा १२८० बाय ७२० चा आहे. खोक्यावर काहीही छापलेलं असो.

पण ते ७२० सुद्धा सगळे पेजला मिळत नाहीत. खाली विंडोजची टास्कबार ४८ खाते. वर ब्राउझरचे टॅब, पत्त्याची पट्टी आणि माझी बुकमार्कची पट्टी मिळून साधारण १२० जातात. उरले ५५१. हा आकडा मी अंदाजाने सांगत नाहीये, ब्राउझरच सांगतो. एफ-ट्वेल्व दाबून कन्सोल उघडायचा आणि एवढंच लिहायचं:

```
[innerWidth, innerHeight, devicePixelRatio]
```

पहिला आकडा पेजला मिळालेली रुंदी, दुसरा उंची, तिसरा म्हणजे एका पिक्सेलमागे किती ठिपके. माझं उत्तर 1280, 551, 1.5.

इथे एक खड्डा आहे, मी त्यात पडले म्हणून सांगते. कन्सोल त्याच खिडकीत तळाशी उघडलेला असेल तर तो स्वतःच पेजची जागा खातो आणि उंची भलतीच कमी येते. मला पहिल्यांदा तीनशेच्या आसपास काहीतरी आली आणि मी दहा मिनिटं "अरे देवा" करत बसले. कन्सोल वेगळ्या खिडकीत काढायचा आणि मग विचारायचं.

म्हणजे १९२० बाय १०८० च्या पेजमधला १२८० बाय ५५१ एवढाच तुकडा मला दिसत होता. गुणाकार करून बघा, जेमतेम ३४ टक्के. एक तृतीयांश डॅशबोर्ड बघून मी रात्रभर "सगळं हिरवं" म्हणत होते.

आता तुम्ही म्हणाल, मग स्क्रोल का नाही केलंस बाई? हाच तर खरा मुद्दा आहे. स्क्रोल होतच नव्हतं. पेजचा कोड उघडला तर त्यात हे निघालं:

```
body {
  width: 1920px;
  height: 1080px;
  overflow: hidden;
}
```

पहिल्या दोन ओळी म्हणतात, पेज एवढंच असेल, समोर कुठलाही पडदा असो. तिसरी ओळ म्हणते, जे मावणार नाही ते गुपचूप लपव, स्क्रोलबार सुद्धा दाखवू नकोस. पहिल्या दोन ओळींनी गैरसोय होते, पण तिसरीने फसवणूक होते. स्क्रोलबार दिसला असता तर निदान कळलं असतं की खाली अजून काहीतरी आहे. माझ्या पडद्याची उजवी कड दोन चौकोनांच्या बरोबर मधल्या फटीवर येत होती, त्यामुळे बाजूने काही अर्धवट कापलेलंही दिसत नव्हतं. तळाशी एक आलेख थोडा कापलेला होता, तो मी "डिझाइन असेल" म्हणून सोडून दिला. आपण किती गोष्टी "डिझाइन असेल" म्हणून सोडतो!

ती तिसरी ओळ कुणी दुष्टपणे लिहिली नव्हती. डॅशबोर्ड मुळात भिंतीवरच्या टीव्हीसाठी बनला. तिथे ब्राउझर पूर्ण पडदा व्यापून चालतो, टॅब नाहीत, टास्कबार नाही, १९२० बाय १०८० अगदी कापून बसतं. तळाच्या बॉर्डरमुळे दोन पिक्सेल जास्त होऊन कडेला स्क्रोलबार यायचा, तो दिसायला वाईट, म्हणून लपवला. मग एके दिवशी कुणीतरी त्याच पेजची लिंक टीमच्या चॅटमध्ये टाकली आणि भिंतीसाठी शिवलेला कोट आम्ही सगळ्यांनी घातला.

आणि हे वर्षभर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? त्याचं कारण मला फार आवडलं. रोजच्या मीटिंगमध्ये मॅनेजर स्वतःची स्क्रीन शेअर करून हाच डॅशबोर्ड दाखवतो. तेव्हा मला अख्खा डॅशबोर्ड दिसतो, कोपऱ्यातल्या चौकोनासकट! कारण तेव्हा माझ्याकडे येतो तो त्याच्या पडद्याचा फोटो, आणि फोटो मावेल तेवढा लहान केला जातो. लिंक उघडली की मात्र पेज माझ्याकडे नव्याने मांडलं जातं, माझ्या जागेत. दोन्हीला आपण "डॅशबोर्ड शेअर केला" असंच म्हणतो. मीटिंगमध्ये तो चौकोन मी शंभरदा तरी पाहिला असेल, त्यातली अक्षरं पुसट होती म्हणून वाचला नव्हता एवढंच.

मॅनेजरने फोनवर अजून एक उपाय सुचवला होता, "झूम आउट कर ना." केलं. कंट्रोल आणि मायनस दाबत ६७ टक्क्यांवर आणलं. रुंदी बरोबर १९२० झाली, पण उंची ८२६ च्या आसपास. तळाचे अडीचशे पिक्सेल, म्हणजे नेमकी ती शेवटची रांग, अजून बाहेरच. खाली यायला ५० टक्के करावं लागतं. हो, एफ-इलेव्हन दाबून पूर्ण पडदा केला आणि ६७ टक्के ठेवलं तर मात्र डॅशबोर्ड इंच न इंच बसतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मग १४ पिक्सेलचं अक्षर माझ्या पडद्यावर सव्वादोन मिलिमीटरचं होतं, ते सुद्धा वरच्या-खालच्या मात्रा-उकारांची जागा धरून. रात्री अडीच वाजता, झोपाळलेल्या डोळ्यांनी. शिवाय चॅट झाकली जाते, आणि ऑन-कॉलला चॅट झाकून कसं चालेल?

मग मी विचार केला, की समजा `Scale` १०० वर नेलं, म्हणजे खोक्यावरचे सगळे १९२० बाय १०८० ठिपके पेजला दिले तर? करून पाहिलं. रुंदी १९२०, उंची ९११. टास्कबार आणि टॅब त्यांचा हिस्सा घेणारच. तळाचे १६९ पिक्सेल तरीही कापलेले.

इथे माझ्या डोक्यात दिवा पेटला. पुण्याच्या ऑफिसमध्ये सगळ्यांच्या डेस्कवर जे २४ इंची मॉनिटर आहेत ते १९२० बाय १०८० चेच आहेत, १०० टक्क्यांवर. म्हणजे त्यांनाही शेवटची रांग पूर्ण दिसत नव्हती! ते मान वर करून टीव्ही बघत होते म्हणून त्यांना कळत होतं. टीममध्ये लिंकवरून अख्खा डॅशबोर्ड दिसणारा एकच माणूस होता, २५६० बाय १४४० चा २७ इंची मॉनिटर वापरणारा. तो कोण हे सांगायला नको.

म्हणून म्हणते, माझी स्क्रीन छोटी नाहीये. पेजने एक जागा गृहीत धरली होती जी एका टीव्हीला आणि एका मॅनेजरला सोडून कुणालाच मिळत नव्हती. आणि मी मात्र "सॉरी, माझा लॅपटॉप" म्हणून मोकळी. घरून काम करणाऱ्यांची ही एक सवयच होऊन जाते. आवाज आला नाही, सॉरी, माझं नेट. दिसलं नाही, सॉरी, माझा लॅपटॉप. ऑफिसमधला माणूस "टीव्ही खराब आहे" म्हणतो, आपण "माझ्याकडे खराब आहे" म्हणतो. आणि ज्याच्याकडे खराब, त्यानेच दुरुस्त करायचं, हा तर घरोघरचा नियम.

मेसेज लिहायला मला दोन तास लागले. पहिल्या खर्ड्यात तीन वेळा सॉरी होतं. दुसऱ्यात इतका राग होता की तो आईला वाचून दाखवला आणि तिने फक्त "जेवून घे" म्हटलं. तिसरा पाठवला. आम्ही समोरासमोर एकमेकांना नावानेच हाक मारतो, पण लिहिताना मी अहो-जाहोच करते. हा तो मेसेज, नावं गाळून:

"नमस्कार. परवा रात्री 'अडकलेले जॉब' मला का दिसलं नाही त्याचं कारण सापडलं, ते लिहिते. सोबत माझ्या पूर्ण पडद्याचा फोटो आहे, टास्कबारसकट. कृपया तो मोठा करून बघा, कडेला किंवा खाली स्क्रोलबार कुठेच नाही.

डॅशबोर्ड १९२० बाय १०८० एवढ्या ठरावीक मापाचा आहे. माझ्या ब्राउझरमध्ये पेजला १२८० बाय ५५१ एवढी जागा मिळते. लॅपटॉप फुल एचडी आहे, पण विंडोज १५० टक्क्यांवर चालतं, ती कंपनीकडून आलेलीच सेटिंग आहे. उरलेला भाग `overflow: hidden` मुळे लपतो आणि स्क्रोल करता येत नाही. त्यामुळे तो चौकोन माझ्या पडद्यावर येऊच शकत नव्हता.

हे फक्त माझ्याकडे नाही. १०० टक्क्यांवरच्या २४ इंची मॉनिटरवरही तळाचे साधारण १७० पिक्सेल कापले जातात. कृपया तुमच्या शेजारच्या डेस्कवर लिंक उघडून बघाल का? दोन मिनिटं लागतील.

मला मॉनिटर मिळाला तर आनंदच आहे, पण त्याने हा प्रश्न सुटणार नाही. माझी विनंती दोन गोष्टींची आहे. `hidden` च्या जागी `auto` करावं, म्हणजे निदान स्क्रोल होईल, हे आजही होऊ शकतं. आणि सगळे लाल आकडे सर्वात वर डाव्या बाजूला आणावेत, कारण स्क्रोल आलं तरी रात्री झोपेतून उठलेला माणूस स्क्रोल करेलच असं नाही. टीव्हीसाठी आत्ताचं पेज वेगळ्या लिंकवर तसंच ठेवता येईल."

या मेसेजमधली सगळ्यात कामाची ओळ कुठली होती माहितीये? शेजारच्या डेस्कची. आकडे त्याने वाचले असतील-नसतील. पण तो उठला, शेजारी गेला, लिंक उघडली, आणि वीस मिनिटांनी त्याचं उत्तर आलं, "अरे, हे तर इथेही कापलंय."

आणि हो, पडद्याचा फोटो पाठवताना तो पूर्ण पाठवा. मी आधी नीटनेटका दिसावा म्हणून टास्कबार आणि टॅब काढून टाकून पाठवणार होते. कापलेल्या डॅशबोर्डचा कापलेला फोटो! बघणाऱ्याला काय कळणार, पेजने कापलं की मी?

`auto` त्याच दिवशी झालं. टीव्हीवर तो दोन पिक्सेलचा स्क्रोलबार परत उगवला, मग ते बॉर्डरचं काम माझ्याकडेच आलं. लाल आकड्यांची पट्टी वर यायला अजून दोन आठवडे गेले, कारण कुठले आकडे "लाल होण्याच्या लायकीचे" यावर तीन मीटिंग झाल्या. ती कहाणी पुन्हा कधीतरी.

पण त्याआधी मॅनेजरने एक छान गोष्ट केली. टीममधल्या सातही जणांना ती कन्सोलची ओळ पाठवली आणि आपापले तीन आकडे कळवायला सांगितले. मला वाटत होतं माझाच आकडा सगळ्यात लहान येणार. माझ्यासारखाच लॅपटॉप असलेल्या एका मुलीचा १५३६ बाय ६९५ आला, तिने कधीतरी `Scale` १२५ केलं होतं. सगळ्यात लहान आकडे आले आमच्या टीममधल्या सगळ्यात सीनिअर माणसाचे. लॅपटॉप माझ्यासारखाच, ऑफिसमध्येच बसतात, पण शेजारचा मॉनिटर वापरत नाहीत. 1024, 440, 1.875. मी भागाकार केला तेव्हा कळलं, ते ब्राउझर कायम १२५ टक्के झूमवर ठेवतात. त्यांना डॅशबोर्डच्या पाचव्या हिश्श्याहून जरासाच जास्त भाग बघायला मिळत असेल. चॅटवर विचारलं, "सर, तुम्ही कधी सांगितलं नाही?"

उत्तर आलं, "झूम मीच केलं होतं ना. मला वाटलं, चष्मा माझा, तर कापलेलंही माझंच."